मीटर कव्हरवरची चंदेरी रेघ: एकाच दोषाचे दोन मासे कसे निघाले

मोल्डिंग विभागात नव्याने रुजू झालेल्या ट्रेनीस,

स. न. सात नंबर मशीनशेजारच्या बोर्डावर माशाच्या सांगाड्यासारखी दोन चित्रं लावलेली आहेत. एकाच दोषासाठी दोन चित्रं का, असं तू विचारलंस. शिफ्टच्या गडबडीत त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून सगळं प्रकरण लिहून देत आहे. हे वाचताना बोर्डासमोर उभं राहिलास किंवा राहिलीस तर जास्त चांगलं.

आधी भाग आणि मशीन. सात नंबरवर वीज मीटरचं पारदर्शक कव्हर निघतं. माल पॉलीकार्बोनेट, मोल्ड दोन कॅव्हिटीचा, म्हणजे साच्यात दोन पोकळ्या आणि एका शॉटला दोन कव्हर. एक कव्हर 62 ग्रॅम, कॅव्हिटींकडे माल नेणाऱ्या वाटेतला रनर 16 ग्रॅम, म्हणजे एका शॉटला 140 ग्रॅम माल. सायकल 45 सेकंदांची, तासाला 80 शॉट. तेव्हा मशीन तासाला साधारण 11.2 किलो दाणे खातं. हा आकडा डोक्यात ठेव, पुढे सगळं त्याच्यावर फिरणार आहे.

दोष असा की कव्हरच्या पृष्ठभागावर चंदेरी रेघा येतात. रिजेक्शन रजिस्टरमध्ये त्याला नुसतं ‘सिल्व्हर’ म्हणतात. सहा दिवसांत सुमारे 22,000 कव्हर निघाली आणि त्यातली 660 सिल्व्हरमुळे बाजूला पडली, म्हणजे जवळपास 3 टक्के. पावसाळा सुरू झाला की हे वाढतं, मग धावपळ होते, काहीतरी उपाय होतो, आठवडाभर बरं चालतं आणि पुन्हा सुरू. मागच्या खेपेला ‘ओलावा आहे’ असं ठरवून प्रोसेस शीटवर ड्रायिंगची वेळ चार तासांवरून पाच तास केली होती. फरक शून्य. का शून्य, ते पुढे कळेल.

ओलाव्यावर संशय जाणं चूक नव्हतं. पॉलीकार्बोनेट हवेतलं पाणी शोषून घेतं. मोल्डिंगआधी ते 120 अंशांवर तीन-चार तास सुकवून ओलावा 0.02 टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. तसा तो आला नाही तर माल वितळवणाऱ्या 290 अंशांच्या बॅरलमध्ये त्या पाण्याची वाफ होते, वाफेचे बुडबुडे प्रवाहाबरोबर ओढले जाऊन मोल्डच्या थंड भिंतीला घासले जातात आणि रेघ उमटते. शिवाय तेच पाणी प्लास्टिकच्या साखळ्या तोडतं, त्यामुळे कव्हर ठिसूळ होतं. म्हणून ही रेघ नुसती दिसायला वाईट आहे असं कधी समजू नकोस. पण चंदेरी रेघ येण्याची वाट एकच नाही. हवा अडकली, माल जास्त तापून जळायला लागला, कॅव्हिटीत शिरायच्या तोंडाशी, म्हणजे गेटवर, जास्त घासला गेला, तरी रेघच येते. संशयित बरेच आणि प्रत्येकाचा आपला एक लाडका संशयित, अशी वेळ आली की फिशबोन काढायचा.

ही आकृती जपानचे गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या नावाने ओळखली जाते. काढायला पाच मिनिटं लागतात. उजवीकडे माशाचं डोकं, त्यात दोष लिहायचा. डोक्यापासून डावीकडे आडवा कणा. कण्याला वर तीन, खाली तीन तिरके काटे: माणूस, मशीन, मटेरियल, पद्धत, मापन आणि वातावरण. प्रत्येक काट्यावर त्या घराची संभाव्य कारणं छोट्या काड्यांसारखी लावायची आणि एखाद्या कारणामागचं कारण सुचलं तर त्या काडीला आणखी बारीक काडी जोडायची. यात कौशल्याचं काही नाही. कौशल्य डोक्यात काय लिहितोस आणि काडीवर काय लिहितोस यात आहे.

पहिल्या बैठकीत डोक्यात ‘सिल्व्हर’ एवढंच लिहिलं होतं. सेटर, तिसऱ्या पाळीचा हेल्पर, दोन इन्स्पेक्टर, मेंटेनन्सचा फिटर आणि स्टोअरचा माणूस असे सहा जण होते. पाऊण तासात 31 काड्या लागल्या. बोर्ड भरला, पण कुठलीही काडी खोडता येईना. कुणी म्हणायचं, ‘ओलावा असता तर दिवसा पण आला असता.’ दुसरा म्हणायचा, ‘दिवसा पण येतोच की.’ दोघंही खरं बोलत होते. अशी अडचण आली की समजावं, डोक्यातच घोळ आहे.

म्हणून बाजूला ठेवलेली 660 कव्हरं टेबलावर काढून परत पाहिली. रिजेक्ट माल लगेच ग्राइंडरला न देता पाळी आणि तास लिहिलेल्या क्रेटमध्ये ठेवला होता म्हणूनच हे जमलं. पाहिल्यावर दोन ढीग पडले. 430 कव्हरांवर रेघा सगळीकडे पसरलेल्या होत्या, प्रवाहाच्या दिशेने, गेटपासून लांबच्या कोपऱ्यापर्यंत. उरलेल्या 230 कव्हरांवर रेघा फक्त गेटजवळ, दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात, बाकी कव्हर काचेसारखं स्वच्छ. पाळीप्रमाणे मोजल्यावर फरक आणखी ठसठशीत झाला:

| रेघेचा प्रकार | पहिली (7 ते 3) | दुसरी (3 ते 11) | तिसरी (11 ते 7) | एकूण |
|---|---|---|---|---|
| कव्हरभर पसरलेली | 44 | 15 | 371 | 430 |
| फक्त गेटजवळ | 74 | 77 | 79 | 230 |

एक दोष रात्रीचा, दुसऱ्याला पाळीशी काही देणंघेणं नाही. रजिस्टरमध्ये दोघांना एकच नाव होतं म्हणून आतापर्यंत ते एकमेकांच्या आड लपले होते. तेव्हा पहिलं चित्र पुसून दोन मासे काढले. पहिल्याच्या डोक्यात लिहिलं: ‘सात नंबर, मीटर कव्हर, दोन्ही कॅव्हिटी, रेघा कव्हरभर, 430 पैकी 371 तिसऱ्या पाळीत.’ दुसऱ्याच्या: ‘सात नंबर, मीटर कव्हर, दोन्ही कॅव्हिटी, रेघा फक्त गेटजवळ, तिन्ही पाळ्यांत सारख्या.’ काय, कुठे, कधी आणि किती, एवढं डोक्यात असलंच पाहिजे. ‘का’ मात्र तिथे लिहायचं नाही. डोक्यात ‘ओलाव्यामुळे सिल्व्हर’ असं लिहिलंस की बाकीचे पाच काटे काढायची गरजच उरत नाही, लोक मान हलवतात आणि चहाला जातात.

आता पहिला मासा. यावरच जास्त वेळ घालवतो, कारण काड्या लावणं आणि खोडणं यातून नीट दिसतं.

मटेरियलच्या काट्यावर तीन काड्या होत्या: गोणी फाटकी किंवा ओली आली, रिग्राइंडचं, म्हणजे दळून परत वापरलेल्या मालाचं प्रमाण जास्त झालं, दुसऱ्या ग्रेडचा माल मिसळला. मशीनच्या काट्यावर: ड्रायरच्या तीन हीटरपैकी एक बंद, ब्लोअरचा फिल्टर तुंबलेला. वातावरणाच्या काट्यावर: पावसाळ्यातली दमट हवा, कारण आपला ड्रायर साधा गरम हवेचा आहे, बाहेरची हवा ओढतो, तापवतो आणि दाणे भरलेल्या हॉपरमधून सोडतो. हवेतलं पाणी आधी काढून टाकणारा डिह्युमिडिफायर त्याला नाही. मापनाच्या काट्यावर दोन: ड्रायरचा डिस्प्ले खरं तापमान दाखवतो का, आणि रात्रीचे इन्स्पेक्टर जास्त कडक तपासतात का. पद्धतीच्या काट्यावर: हॉपर किती रिकामा झाल्यावर भरायचा हे ठरलेलं नाही, आणि उघडी गोणी मशीनजवळ पडून राहते. माणसाच्या काट्यावर कुणीतरी ‘हेल्परचा निष्काळजीपणा’ लिहिलं.

ती शेवटची काडी तिथेच थांबवली. हेल्पर समोर बसलेला असताना असं लिहिलं की तो तोंड मिटून घेतो, आणि ज्याला सगळ्यात जास्त माहीत आहे तोच गप्प झाला की बैठक संपल्यात जमा. पण भिडेपेक्षा मोठी अडचण अशी की निष्काळजीपणा तपासता येत नाही. काय पाहिलं म्हणजे तो आहे आणि काय पाहिलं म्हणजे नाही? काडीवर तेच लिहायचं जे जाऊन पाहता, मोजता किंवा करून बघता येईल. ती काडी बदलून ‘तिसऱ्या पाळीत एक हेल्पर चार मशीन सांभाळतो, दिवसा दोन’ अशी केली. ही खरी की खोटी ते हजेरीच्या कागदावरून दोन मिनिटांत कळतं.

तशीच आणखी एक काडी आली होती: ‘डिह्युमिडिफायर ड्रायर नाही.’ हे कारण नाही, खरेदीची मागणी आहे. उपायाला ‘नाही’ जोडून कारण बनवायची सवय सगळ्यांना असते. तिला उलटून विचार, तो नसल्यामुळे नेमकं काय होतं? दमट हवेने दाणे नीट सुकत नाहीत. मग ती ‘दमट हवा’ या काडीत मिळून गेली.

काडी कुठल्या काट्यावर लावायची यावरून वाद होतात. हॉपर कमी भरलेला असणं ही पद्धत की माणूस? माझं मत, पटकन एका ठिकाणी लाव आणि पुढे जा. सहा काटे आहेत ते कुठलं घर विसरायला नको म्हणून. ते नसतील तर मोल्डिंगवाला सगळी कारणं मटेरियलमध्ये शोधतो आणि स्टोअरवाला सगळी मशीनमध्ये. मापनाचा काटा तर हटकून रिकामा राहतो, कारण आपलंच मोजणं चुकत असेल हे कुणाला सुचत नाही. म्हणून मी तो काटा आधी भरायला लावतो.

तपासणीही तिथूनच सुरू झाली. रात्री जास्त रिजेक्शन दिसतं ते रात्रीचा डोळा वेगळा असल्यामुळे तर नाही ना? चांगली आणि वाईट मिसळून 50 कव्हरं क्रमांक टाकून दिवसाच्या आणि रात्रीच्या इन्स्पेक्टरला वेगवेगळी दाखवली, आपापल्या पाळीत, आपापल्या दिव्याखाली. 48 कव्हरांवर दोघांचा निर्णय सारखा. काडी खोडली. हे न करता पुढे गेलो असतो आणि शेवटी फरक डोळ्यांचाच निघाला असता, तर ड्रायर उघडून बसलेले सगळे वाया गेले असते.

मग डोक्यातल्या आकड्यांना प्रत्येक काडीसमोर उभं केलं. गोणी ओली आली असती तर तोच लॉट तिन्ही पाळ्यांत चालला, दोष तिन्हींत दिसला असता. दिसला नाही, काडी गेली. हीटर बंद असता, फिल्टर तुंबलेला असता, तर दिवसाही तेच. तरी फिटरने क्लॅम्प मीटर लावून तिन्ही हीटरचा करंट पाहिला, बरोबर निघाला. डिस्प्ले चुकीचा असता तरी पाळी पाहून चुकला नसता. रिग्राइंड तिन्ही पाळ्यांत 10 टक्केच होतं. नुसत्या ‘रात्रीच का?’ या एका प्रश्नाने बहुतेक काड्या पडल्या. फिशबोनचा खरा उपयोग हाच आहे. काड्या भरणं सोपं असतं, डोक्यातला आकडा जितका नेमका तितक्या भराभर त्या गळतात.

उरल्या तीन: दमट हवा, हेल्परवरचा भार आणि हॉपर भरण्याची पद्धत. आता इथे सावध राहायला हवं. पावसाळ्यात रात्री हवा दमट असते, म्हणजे दमट हवेची काडीही ‘रात्रीच का?’ला बरोबर उत्तर देते. दोन संशयित एकाच प्रश्नाला सारखं उत्तर देत असतील तर दुसरा प्रश्न शोधायचा. तो असा: रात्रभर सारखा येतो का?

तासाचा तक्ता पाहिला. सारखा येत नव्हता. साधारण दीड वाजता सुरू व्हायचा, सव्वातीनच्या सुमारास संपायचा, मग सहा वाजून गेल्यावर पुन्हा. पहिल्या पाळीतली 44 कव्हरं आठवतात? ती जवळजवळ सगळी सकाळी पावणेआठच्या आधीची, म्हणजे रात्रीचंच शेपूट. हवेतला दमटपणा असा दीड वाजता येऊन सव्वातीनला जात नाही.

हेल्परला विचारलं, हॉपर कधी भरतोस? तो म्हणाला, ‘साडेबाराला आणि पाचला. तळाला गेला की दोन गोण्या एकदम टाकतो, मग चार-साडेचार तास बघायला नको.’ चार मशीन एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाने हाच हिशोब करावा, यात वावगं काही नाही. गोणी 25 किलोची, दोन गोण्या 50 किलो, 11.2 ने भागलं तर साडेचार तास. त्याचं गणित अगदी बरोबर होतं.

दाण्यांचं गणित मात्र वेगळं आहे. आपला हॉपर 75 किलोचा. दाणे वरून पडतात, खालून मशीनमध्ये जातात, मधल्या वेळात गरम हवेत सुकतात. दाण्याला सुकायला किती वेळ मिळाला हे तो पडला तेव्हा त्याच्याखाली किती माल होता यावर ठरतं. खाली 12 किलो असताना नवी गोणी ओतली, तर त्या गोणीचा सगळ्यात खालचा थर 12 भागिले 11.2, म्हणजे एक तास पाच मिनिटांत बॅरलच्या तोंडाशी. चार तास पाहिजेत, मिळाला एक. साडेबाराला भरलं, एक पस्तीसला रेघ. त्याच्या वरचे थर जसजसे खाली येतात तसतसा त्यांना जास्त वेळ मिळत जातो, पावणेतीन तास सुकलेला थर आला की रेघ बंद होते. पाचला भरलं की सहा पाचला पुन्हा सुरू. दिवसा हेल्पर मोकळा असतो, 40 किलोच्या आसपास आला की एक गोणी टाकतो. साडेतीन तास मिळून जातात आणि निभावतं.

प्रोसेस शीटवर चारचे पाच तास करून काही का झालं नाही, हे आता दिसलं असेल. ती वेळ सोमवारी सकाळी रिकाम्या हॉपरपासून सुरुवात करताना लागू होते. चालू मशीनमध्ये सुकण्याची वेळ कागदावर नसते, हॉपरच्या पातळीवर असते.

तरी गणित जुळलं म्हणून काडीवर शिक्का मारायचा नाही. दोन गोष्टी केल्या. एक, हॉपरच्या तळातून दाणे काढून काचपट्टीची चाचणी घेतली. हॉट प्लेट सुमारे 270 अंशांवर ठेवून काचेच्या पट्टीवर चार-पाच दाणे ठेवायचे, वितळले की दुसरी गरम पट्टी वर दाबायची आणि चकती पारदर्शक झाली की बघायचं. एखाददुसरा बुडबुडा दाबताना अडकलेल्या हवेचाही असतो, पण सगळ्या चकत्यांत बुडबुड्यांची गर्दी म्हणजे ओलावा. भरल्यानंतर सव्वा तासाने काढलेल्या दाण्यांत गर्दी होती, चार तासांनी काढलेले स्वच्छ. दोन, दोष मुद्दाम आणून पाहिला. दिवसा, पहिल्या पाळीत, 12 किलोपर्यंत उतरवून दोन गोण्या एकदम टाकल्या. तासाभराने भर दुपारी कव्हरभर रेघा. आणि त्याच आठवड्यात तीन रात्री हॉपर 50 किलोच्या खाली जाऊ दिला नाही, तर तिन्ही रात्री मिळून 4 कव्हरं गेली. हवं तेव्हा आणता येतो आणि हवं तेव्हा घालवता येतो, एवढं झालं की मगच त्या काडीभोवती लाल गोल. बैठकीत हात वर करून मतं मोजून लाल गोल काढलेले फिशबोन तुला दुसरीकडे दिसतील. मतं ही फक्त तपासणीचा क्रम ठरवायला वापरावीत.

उपाय स्वस्त निघाला. चार तासांसाठी 11.2 गुणिले 4, म्हणजे 45 किलो कायम हवेत. दाणे हॉपरच्या मधून जरा भरभर आणि कडेने सावकाश उतरतात म्हणून थोडी सूट धरून 50 किलोवर काचेच्या खिडकीला लाल पट्टी चिकटवली. पातळी पट्टीला आली की एक गोणी, म्हणजे 75 पूर्ण. पुढची गोणी सव्वादोन तासांनी. दर अर्ध्या तासाने पाच-सहा किलो टाकायची सूचनाही आली होती, पण चार मशीनच्या हेल्परला ती झेपली नसती आणि अर्धी गोणी उघडी पडून राहिली असती. जो उपाय पहाटे चार वाजता पाळला जाणार नाही तो लिहून उपयोग नाही.

एक पोटकारण या तपासात सापडलं, तेही काडीवर आहे. ओलाव्याने रेघ आलेली कव्हरं दळून रिग्राइंड म्हणून परत हॉपरमध्ये जात होती. त्या मालाच्या साखळ्या आधीच तुटलेल्या. सुकवून मोल्ड केलं की रेघ जाते, ठिसूळपणा जात नाही. आता पसरलेल्या रेघांचा माल वेगळ्या क्रेटमध्ये जातो आणि या कव्हरसाठी परत येत नाही. म्हणून दोन प्रकारचे रिजेक्ट एकत्र टाकू नकोस, कितीही घाई असली तरी.

दुसरा मासा लवकर उरकला, कारण त्याचं डोकंच बोलकं होतं. गेटजवळच्याच रेघा, म्हणजे दाणे ओले असण्याची शक्यता कमी. दोन्ही कॅव्हिटीत सारख्या, म्हणजे एका गेटवरचा ओरखडा किंवा अरुंदपणा नव्हे. तिन्ही पाळ्यांत सारख्या, म्हणजे माणसामाणसात फरक नाही. दोन्ही कॅव्हिटींच्या आधी जे सामाईक आहे तिकडे बघायचं: नोझल आणि स्क्रू. आणि तारखांच्या तक्त्यावर दिसलं की या रेघा नोझलचा हीटर बँड बदलल्यानंतर सुरू झाल्या.

पद्धतीच्या काट्यावर सेटरने स्वतः काडी लावली: ‘सक बॅक जास्त.’ शॉटसाठी माल तयार झाल्यावर स्क्रू थोडा मागे ओढतात म्हणजे नोझलमधून माल गळत नाही. शीटवर 4 मिलिमीटर लिहिलेलं, मशीनवर होतं 14. एवढा मागे ओढला की नोझलच्या तोंडातून हवा आत शिरते, पुढच्या शॉटला ती मालाबरोबर जाते आणि गेटजवळ रेघ सोडते. 4 केलं, रेघ गेली. पण नोझल गळायला लागलं, स्प्रूला तार येऊ लागली.

इथे थांबलं असतं तर दोन दिवसांत कुणीतरी पुन्हा 14 केलं असतं, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता आलं नसतं. म्हणून त्या एका काडीला धरून ‘का’ विचारत गेलो. सक बॅक का वाढवला? नोझल गळतं म्हणून. का गळतं? नोझल जास्त गरम. डिस्प्ले तर 290 दाखवतो, सेटिंगही 290. स्पर्शाचा पायरोमीटर नोझलला लावला तर 322. का? बँड बदलताना तापमान मोजणारं थर्मोकपल नीट टेकवून घट्ट केलं नव्हतं, टोक धातूपासून सुटं होतं. सुटं थर्मोकपल खऱ्यापेक्षा कमी तापमान वाचतं, कंट्रोलरला वाटतं अजून गरम व्हायचं आहे, तो हीटर चालूच ठेवतो आणि पडद्यावर 290 अगदी स्थिर दिसत राहतं. थर्मोकपल बसवलं, गळणं थांबलं, सक बॅक 4 वर टिकला. पुढच्या तीन दिवसांत गेटजवळची रेघ 6 कव्हरांवर.

काडी लागली पद्धतीच्या काट्यावर, मूळ निघालं मशीनच्या काट्यावर आणि ते दडलं होतं मापनाच्या आड. फिशबोन ही साखळी दाखवत नाही. त्यात सगळ्या काड्या शेजारी शेजारी, सारख्या दिसतात. कुठली किती भारी, कुठली कुठल्यातून आली, हे चित्रातून कळत नाही. ते तासाच्या तक्त्यातून, प्रयोगातून आणि अशा ‘का’च्या माळेतून काढावं लागतं. म्हणून बोर्डावर दुसऱ्या माशाशेजारी ती माळ वेगळी लिहिलेली आहे.

बोर्डावरच्या खुणा अशा वाचायच्या: आडवी रेघ मारलेली काडी म्हणजे तपासून बाद, शेजारी कुणी आणि कधी तपासली ते. लाल गोल म्हणजे सिद्ध. खूण नसलेली म्हणजे अजून कुणी पाहिलेली नाही, मग ती कितीही फालतू वाटो. पहिल्या माशावर ‘दमट हवा’ ही काडी तशीच मोकळी आहे. हॉपरची पातळी सांभाळल्यावर पावसाळ्यातही माल चालला, म्हणजे ती मुख्य कारण नाही एवढं कळलं. पण 12 किलोवरच्या चुकीला पावसाळ्यात जेवढी रेघ येते तेवढीच नाशिकच्या कोरड्या डिसेंबरात येईल का, हे पाहिलेलं नाही. ते पाहिलं की डिह्युमिडिफायर मागायचा की नाही याचं उत्तर मिळेल. ती तपासणी तुझ्या नावावर टाकली आहे. डिसेंबरात पहिल्या पाळीत एकदाच करायची, तीच दोन गोण्यांची पद्धत, तोच 10 टक्के रिग्राइंड, तळातून दर अर्ध्या तासाने दाण्यांचा नमुना. निघालेली कव्हरं बाजूला, पाठवायच्या मालात एकही जाता कामा नये.

तोवर तासाचा तक्ता रोज भरायचा. रकाने पाच: वेळ, पसरलेली रेघ किती, गेटजवळची किती, हॉपरची पातळी, आणि पायरोमीटरने घेतलेलं नोझलचं तापमान. शेवटचा रकाना पाळीतून एकदा पुरे. ‘सिल्व्हर’ असा रकाना ठेवू नकोस.

मोल्डिंग पर्यवेक्षक
अंबड, नाशिक